थांब, अजून उजेड यायचाय

३ नोव्हेंबर

घुबडा,

पोचलो. लेकीच्या घराचा जिना उंच आहे आणि माझ्या गुडघ्यांनी प्रत्येक पायरीला माझा उद्धार केला. खोली बरी आहे. एक खिडकी, समोर पिवळी भिंत, दिवसभर तिथून उसना उजेड येतो. बाकी काही सांगण्यासारखं नाही. फोटो स्टुडिओ बंद केलेल्या माणसाला सकाळी उठून कुठे जायचं नसतं, एवढंच नवीन.

कॅमेरा तुझ्याकडे ठेवून आलो म्हणून लेक रागावली. म्हणाली, आठवीतल्या पोराला देऊन आलात? मी म्हटलं, तो पोर नाही, घुबड आहे. पापणी न लववता भिंतीकडे बघत बसणारा दुसरा कोणी मला अख्ख्या गावात भेटला नाही.

आता धडा ऐक. भिंत तू महिनाभर बघितलीस, ते पुरे. आता माणसं. चेहरा उन्हात उभा करू नकोस, डोळ्यांखाली खड्डे पडतात आणि डोळे मिचमिचे होतात. माणसाला घराच्या उंबऱ्यात, एक पाऊल आत उभं कर, तोंड बाहेर. मागे घरातला अंधार, पुढे अंगणातला मऊ उजेड. नाकाची सावली कुठे पडते ते बघ. एका बाजूला हलकी पडली की चेहऱ्याला गोलाई येते. फारच काळी पडली तर त्या बाजूला कुणाला तरी पांढरी चादर धरायला लाव. चादरीवरचा उजेड उसळून गालावर येतो.

बाहेर कडक ऊन असेल तर काचेतलं भोक बारीक, सोळावर, आणि खटक्याचा वेग एकशेपंचवीसवर. उंबऱ्याच्या आत आलास की भोक दोन दशांश आठपर्यंत उघड, वेग साठ. विसरलास तर मी कान उपटायला तिथे नाही.

आणि सगळ्यात मोठी गोष्ट. कॅमेरा दिसला की माणूस खांब होतो. श्वास धरतो. तेव्हा दाबायचं नाही. थांबायचं. त्याला वाटेल झालं, किंवा त्याला कंटाळा येईल, आणि तो श्वास सोडेल. खांदे खाली येतील. तोच क्षण. त्याच्या आधी बोट हललं तर तू फोटोग्राफर नाहीस, बंदूक झाडणारा शिपाई आहेस.

रोल संपला की टपालाने पाठव. लेकीची मोरी ही माझी नवी डार्करूम.

तुझा फोटोकाका


२१ नोव्हेंबर

फोटोकाका,

रोल पाठवतोय. यात लोहारआजोबा आहेत, शेजारची काकू आहे, शाळेचे सर आहेत आणि आमची आजी दोनदा आहे कारण पहिल्यांदा ती म्हणाली मी हसले नव्हते.

लोहारआजोबा खूप वेळ खांबच होते. मी काहीच बोललो नाही, नुसता उभा राहिलो. शेवटी ते म्हणाले, अरे काढतोस का भाता मारू? आणि मान वळवली, तेव्हा दाबलं.

चादर दादा धरतो. ट्रॅक्टरवरून आला की हात धुवून उभा राहतो. फार बडबड करतो. म्हणतो, मी या घराचा आरसा आहे. काकूला म्हणाला, माझ्यामुळे तुम्ही गोऱ्या दिसणार, चहा ठेवा. चादर कधीकधी हलवतो पण मी ओरडलो की नीट धरतो.

दादा रोज म्हणतो माझा काढ. मी त्याला उंबऱ्यात उभा करतो. पण तो कंबरेवर हात ठेवतो, हनुवटी वर करतो, एक भुवई उडवतो. मी म्हणतो असं नाही. तो म्हणतो मग कसं? मी म्हणतो श्वास सोड. तो गाल फुगवून फुस्स करतो आणि आई हसायला लागते. म्हणून मी अजून दाबलं नाही. मी म्हणतो, थांब, अजून उजेड यायचाय. खरं म्हणजे उजेड असतो, पण तुम्ही सांगितलेला क्षण येत नाही. तो म्हणाला, तुझ्या फोटोकाकांना विचार, माझं लग्न होईपर्यंत येईल का तो क्षण?

मी बरोबर करतोय ना?

घुबड


६ डिसेंबर

घुबडा,

तुझा रोल धुतला. मोरीची खिडकी घोंगडीने झाकली, जावई बाहेर टॉवेल घेऊन ताटकळत बसले. त्यांची पर्वा कोण करतो.

लोहार उत्तम. मान वळताना गळ्यावरची शीर उठली आहे आणि डोळ्यांत उंबऱ्याबाहेरचा सगळा उजेड उतरलाय. मी चाळीस वर्षं पासपोर्टचे चेहरे काढले, त्यात असा एकही नव्हता. सर बरे आहेत, पण खांब. आजीचा पहिला चांगला, दुसरा फुकट. हसायचं ठरवून हसलेलं हसू कागदावर लगेच ओळखू येतं.

काकूचा फोटो काढताना भोक बदलायला विसरलास. बाहेर उन्हात, आणि भोक उघडंच. नेगेटिव्ह काळं ठिक्कर पडलंय. पण रडू नकोस. जास्त उजेड पडलेल्या काळ्या नेगेटिव्हमधून मला वेळ लावून चेहरा काढता येतो. कागदाला जास्त वेळ उजेड दाखवायचा, बस. काकू निघाली, जरा खरबरीत, पण निघाली. उलट कमी उजेड पडलेलं नेगेटिव्ह म्हणजे कोरी काच, त्यात जे उमटलंच नाही ते आणायचं कुठून? म्हणून शंका आली तर जास्तीकडे झुकायचं.

आणि दादाच्या बाबतीत शाब्बास. अगदी बरोबर आहेस. भुवई उडवतोय तोवर बोट हलवायचं नाही, सख्खा भाऊ असला तरी. एक दिवस तो कंटाळेल, नाटक संपेल, तेव्हा खरा दादा उंबऱ्यात उभा असेल. घाई कशाला? तो कुठे पळून चाललाय?

सोबत नवा रोल.

फोटोकाका


१९ जानेवारी

फोटोकाका,

रोल पाठवतोय. पूर्ण संपलेला नाही. तरी गुंडाळून काढला. लवकर धुवा.

यात दादा कुठे आहे का बघा. मला वाटतं मी एकदा दाबलं असेल. नीट आठवत नाही. असेल तर त्याचा मोठा करून पाठवा. नसेल तरी कळवा.

घुबड


२ फेब्रुवारी

घुबडा,

हे काय पत्र म्हणायचं की तार? तब्येत कशी, आजी कशी, काही नाही. आठवीतच साहेब झालास.

रोल धुतला. अर्धा कोरा आहे. सुरुवातीला सुताराचे दोन, चांगले. एक बकरी, तिलाही तू श्वास सोडायला लावलेलं दिसतंय. मग आजी. मग शेवटचे पाच-सहा नुसते उंबऱ्याचे. रिकामा उंबरा, सकाळचा, दुपारचा, पुन्हा सकाळचा. उजेड तू फार नीट पकडलास, खोटं कशाला बोलू. दाराच्या कडेवरून तो आत कसा येतो आणि जमिनीवर कुठे संपतो, सगळं दिसतं. पण माणूस कुठे आहे? उजेड हा पाहुणा आहे रे. त्याला बसायला चेहरा लागतो. नुसतं घर झाडून दार उघडं ठेवून काय उपयोग?

दादा एकाही फोटोत नाही. म्हणजे त्याने अजून नाटक सोडलं नाही. की रुसला? त्याला माझ्याकडून सांग, आता गुपचूप उभा राहा, नाहीतर मी गुडघे घेऊन तिकडे येतो.

फोटोकाका


१४ फेब्रुवारी

फोटोकाका,

दादा नाही.

तुमचं डिसेंबरातलं पत्र आलं त्याच्या पुढच्या आठवड्यातली गोष्ट. विटांची ट्रॉली बंधाऱ्याच्या उतारावर उलटली. तो ट्रॅक्टरवर होता. मी मागच्या पत्रात लिहिणार होतो, पण आधी रोलमध्ये तो आहे का ते बघायचं होतं. असता तर लिहिणं सोपं झालं असतं.

त्या दिवशी सकाळी तो स्वतःच उंबऱ्यात येऊन उभा राहिला. दाढी केली होती. इस्त्रीचा शर्ट होता, कारण संध्याकाळी त्याला मित्राकडे जायचं होतं. म्हणाला, आज काढच. समोरच्या भिंतीवरून उजेड येत होता, नाकाची सावली डावीकडे हलकी पडली होती. सगळं तुम्ही सांगितलं होतं तसं. भोक दोन दशांश आठ, वेग साठ. त्याने भुवईपण उडवली नाही. पण श्वास धरला होता. मी म्हणालो, थांब. तो थांबला. मी पण थांबलो. मग ट्रॅक्टरमालकाने बाहेरून हॉर्न वाजवला. दादा म्हणाला, जाऊ दे, संध्याकाळी काढ.

तो अंगणातून गेला. रस्त्यावर जाऊन वळला आणि मागे बघून हसला. खरं हसला. खांदे खाली होते. तुम्ही म्हणता तेच. पण तो उन्हात होता आणि भोक सावलीचं होतं. मी भोक फिरवायला लागलो. सोळावर आलं तेव्हा तो गेला होता.

नंतर मला वाटत राहिलं की मी दाबलं असेल. खटका ऐकल्यासारखा वाटायचा. पण नव्हतं दाबलं.

आई बोलत नाही जास्त. स्वयंपाक करते. घर झाडते. तिने एवढंच विचारलं, त्याचा फोटो आहे ना तुझ्याकडे? मी म्हणालो धुवायला गेलाय. तिला भिंतीवर लावायचा आहे. आता तिला काय सांगू ते कळवा.

घुबड


१९ फेब्रुवारी

बाळा,

तुझं पत्र लेकीने वाचून दाखवलं, कारण मी पहिल्या ओळीनंतर पुढे जाऊ शकलो नाही. त्यानंतर दोन दिवस मी काही केलं नाही. खिडकीसमोर बसून होतो. जेवलो का, झोपलो का, आठवत नाही. मी विचारलं होतं, तो कुठे पळून चाललाय. ते वाक्य माझ्या हाताने लिहिलेलं आहे.

तुझी काही चूक नाही. मी थांब म्हणालो, तू थांबलास.

त्या हसण्याबद्दल मनाला लावून घेऊ नकोस. तू दाबलं असतंस तरी काही आलं नसतं. उन्हात भोक उघडं असतं तर नेगेटिव्ह काळं झालं असतं, चेहरा गेला असता. दाबलंस नाहीस म्हणून काही हरवलं नाही.

आईला सांग, फोटो नाही. खरं सांग. आणि हेही सांग. तुझे पहिल्या रोलमधले सगळे फोटो मी पुन्हा काढून बघितले. आजीच्या उजव्या गालावर जो उजेड आहे, काकूच्या, सरांच्या, लोहाराच्या, तो दादाचा आहे. त्याने चादर धरली नसती तर ते अर्धे चेहरे काळे असते. गावातल्या इतक्या माणसांच्या तोंडावर त्याचा उजेड आहे. आजीचा आणि लोहाराचा मोठा करून पाठवतोय. आईला दाखव.

तुझा काका


३ मार्च

फोटोकाका,

फोटो मिळाले. आईला दाखवले आणि तुम्ही लिहिलं ते सांगितलं. तिने आजीच्या गालावरून बोट फिरवलं. मग म्हणाली, उजेड कसा टांगू रे भिंतीवर?

वडिलांनी शहरातल्या स्टुडिओत जाऊन दादाच्या लायसन्सवरचा फोटो मोठा करून आणला. समोरून फ्लॅश मारलेला आहे. दोन्ही कान सारखे, कपाळ चमकतंय, सावलीच नाही. स्टुडिओवाल्याने शर्टावर निळा कोट रंगवलाय. दादाकडे कोट नव्हता. आई म्हणाली, असा नव्हता तो. पण तोच लावलाय, दुसरा नाही म्हणून.

काका, तुम्ही डिसेंबरात लिहिलं होतं की काळ्या नेगेटिव्हमधून चेहरा निघतो. काकूचा काढून पाठवला होता. तो भिंतीवर लावलाय त्यांनी. मी दाबलं असतं तर दादा निघाला असता. मला माहीत आहे. मला बरं वाटावं म्हणून खोटं लिहू नका. मला बरंही वाटत नाही आणि वाईटही वाटत नाही. शाळेत जातो. गणित बरोबर येतं.

कॅमेरा पेटीत ठेवलाय. कोणी तुमच्याकडे येणारं भेटलं की पाठवतो.

घुबड


९ मार्च

घुबडा,

हो. खोटं लिहिलं. निघाला असता. खरबरीत, पण हसताना.

मी तुला अर्धाच धडा दिला. थांबायचं, हे खरं. पण थांबणं म्हणजे हात बांधून चांगल्याची वाट बघणं नव्हे, हे मी सांगितलंच नाही. स्टुडिओत माझ्यासमोरचं गिऱ्हाईक कधी उठून गेलं नाही. त्यांना फोटो हवाच असायचा, पैसे दिलेले असायचे. ती सगळी माणसं माझ्यासाठी थांबत होती आणि मी समजत होतो की थांबायची विद्या माझी आहे. वाईट फोटो नंतर फाडता येतो. नसलेल्याचं काहीच करता येत नाही. हे मला सत्तरीत, तुझ्याकडून कळलं.

कॅमेरा पाठवू नकोस, मी घेणार नाही. सोबत रोल आहे. भरायचा तर भर. नाही भरलास तरी मी विचारणार नाही.

काका


२७ एप्रिल

फोटोकाका,

रोल भरला होता. सुटा ठेवला तर खराब होईल म्हणून. काढलं काही नव्हतं.

काल सुट्टी होती. मी कॅमेऱ्याची काच पुसत होतो. आई अंगणात मिरच्या वाळत घालत होती. ती आली, हात पदराला पुसले आणि म्हणाली, दे इकडे. मी विचारलं काय करणार? म्हणाली, तुझा काढते. तिने कधी कॅमेरा हातात घेतला नव्हता. उलटा धरला होता, मी सुलटा करून दिला.

ती म्हणाली, उभा राहा. मी उंबऱ्याकडे जायला लागलो तर म्हणाली, तिकडे नाही. इथेच. मी अंगणात होतो. दुपार कलली होती, ऊन पाठीमागून येत होतं. मी म्हणालो, आई, तोंड काळं येईल, मला वळू दे, नाहीतर भोक तरी उघडू दे. ती म्हणाली, तू गप. म्हणाली, एक गेला असाच, उजेड येईपर्यंत. आता मी नाही थांबणार.

तिने दाबलं. काही झालं नाही, कारण दाबायच्या आधी खटका ओढावा लागतो, तो ओढलेला नव्हता. ती घाबरली. तिला वाटलं बिघडला. ती पुन्हा पुन्हा दाबत राहिली, म्हणाली, का नाही होत, का नाही होत याचं? मी जवळ गेलो, खटका ओढून दिला आणि परत जागेवर आलो. भोक सोळावरच राहू दिलं. ती एक डोळा मिटायला गेली, दोन्ही डोळे मिटले, आणि तिने दाबलं.

खट् झालं. मग ती खाली बसली आणि मोठ्याने रडली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा. मला काय करायचं कळेना म्हणून मीपण तिथेच बसलो. मग मलाही रडू आलं. आजी बाहेर आली, तिने मिरच्या उचलून नेल्या.

रोलमध्ये तो एकच आहे. बाकी कोरा. तरी पाठवतोय. आई रोज विचारते, आला का?

घुबड


५ मे

घुबडा,

तुझा फोटो आलाय.

तू म्हणालास तसंच आहे. ऊन पाठीमागे, चेहऱ्यावर उजेड फारच कमी पडलाय, नेगेटिव्ह विरळ आहे. फोटो तिरका आहे, डोक्याचा वरचा भाग कापला गेलाय. पण भोक बारीक, सोळावर होतं, त्यामुळे अंतर न मोजताही जवळचं-लांबचं सगळं नीट आलं, तू स्पष्ट आहेस. मी चार दिवस त्या एकाच चौकटीवर बसलो. तारेच्या टोकाला पुठ्ठ्याची टिकली लावली आणि छापताना ती चेहऱ्यावर हलवत धरली, म्हणजे तेवढ्या भागावर उजेड कमी पडतो आणि तो काळा होत नाही. तीन सेकंद, पाच सेकंद, पुन्हा पुन्हा. बरेच कागद वाया गेले. जावयांनी एकदाही दार वाजवलं नाही.

तुझा एक डोळा दिसतो. दुसरा अंदाजाने. ओठ दिसतात. तू श्वास धरलेला आहेस, खांबासारखा उभा आहेस, मी तुला शिकवलं त्याच्या अगदी उलट. लेकीने बघितला आणि म्हणाली, बाबा, हा काय छान फोटो नाही. मी म्हटलं, नाही.

दोन प्रती आहेत. एक इथे माझ्या खिडकीत लावलीय. दुसरी या पत्रासोबतच्या वेगळ्या बंद पाकिटात, पुठ्ठ्यांच्या मध्ये घालून. वाकवू नकोस, ते पाकीट तू उघडू नकोस. आईच्या हातात दे आणि तिला सांग, आला.

काका